पाच रुपयांच्या पाकिटापासून सुरुवात: मुलांच्या खाऊचा मॅस्कॉट कसा घडवायचा

मुलांच्या खाऊचा मॅस्कॉट मुलाला पहिल्यांदा भेटतो तो किराणा दुकानाच्या दारात टांगलेल्या लडीवर. शेजारी आणखी दहा-बारा लड्या, त्यातल्या निम्म्या वाऱ्याने उलट्या फिरलेल्या, वरून दुपारचं ऊन. या गर्दीत पाकिटावरचा तो प्राणी जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो. नवीन डिझायनर मात्र त्याला लॅपटॉपच्या अख्ख्या पडद्यावर घडवतो. एकेक पीस, बुटांच्या नाड्या, डोळ्यातली चमक, खाली मऊ सावली. क्लायंट खूश होतो, आणि तेच चित्र तीन सेंटिमीटरवर आलं की त्याचा चिखल होतो. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: सगळ्यात छोटी जागा आणि सगळ्यात अडचणीची छपाई आधी, मोठी जाहिरात शेवटी.

हातात एक उदाहरण असलं की बोलणं सोपं जातं. समजा, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतला एक छोटा कारखाना नाचणी आणि मक्याचे पफ बनवतो. पाच रुपयांचं पाकीट, पाच ते दहा वर्षांची मुलं, विक्री नाशिक, निफाड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यात. मालकांना पाकिटावर, जाहिरातीत आणि स्टिकरवर चालेल असा एक दोस्त हवा आहे.

आधी फूटपट्टी, मग पेन्सिल

कारखान्यातून रिकामी फिल्म आणि भरलेलं पाकीट, दोन्ही मागून घ्या. आपल्या उदाहरणात सपाट पाकीट 95 मिमी रुंद आणि 130 मिमी उंच आहे असं धरू. वर आणि खाली सीलची पट्टी असते, ती साधारण 10-10 मिमी खाते. तिथे दातेरी दाब बसतो, त्यामुळे छापलेलं चित्र चुरगळल्यासारखं दिसतं. शिवाय लडी कात्रीने तिथेच कापतात, आणि दुकानदार काही पट्टी लावून कापत नाही. मग पाकीट हवेने फुगतं आणि दोन्ही कडा मागे वळतात. समोरून बघणाऱ्याला खरी रुंदी 70-75 मिमीच दिसते.

उरलेल्या जागेत ब्रँडचं नाव, पफचं चित्र, चव आणि शाकाहारी खूण बसवायची असते. हिरव्या चौकटीतला तो हिरवा ठिपका किती मोठा असावा हे नियमात ठरलेलं आहे. दर्शनी भाग 100 चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर ठिपक्याचा व्यास किमान 3 मिमी, त्यापुढे 500 पर्यंत 4 मिमी, आणि चौकटीची बाजू व्यासाच्या दुप्पट. आपण 4 मिमी धरून चालू, म्हणजे 8 मिमीची चौकट झाली. ही जागा आधीच आखून ठेवा. मॅस्कॉटचा पाय त्या ठिपक्यावर आला म्हणून शेवटच्या रात्री अख्खं पाकीट हलवण्याची वेळ अनेकांवर येते.

हे सगळं कागदावर आखलं की कळतं, मॅस्कॉटला 32 मिमी उंची आणि 30 मिमी रुंदी मिळते आहे. त्या मापाचा चौकोन कागदावर काढा आणि पहिली सगळी स्केचेस त्यातच करा. पेनही जाडच घ्या, बारीक पेनचा मोह नको.

प्राणी निवडताना

नाशिक म्हटलं की पहिली सूचना येते द्राक्षाची. हातपाय फुटलेला, गॉगल घातलेला द्राक्षाचा घड. दिसतोही गोंडस, पण आपल्या पफमध्ये द्राक्ष नाही. पाकिटावरच्या चित्रामुळे आतल्या पदार्थाबद्दल ग्राहकाची दिशाभूल होता कामा नये, हे अन्नसुरक्षेच्या लेबलिंग नियमांचं मूळ सूत्र आहे. मनुक्यांचं पाकीट असतं तर घड खुशाल काढा. कांद्याचंही तेच, आणि मुलं कांद्याला दोस्त मानतील याची मला शंकाच आहे.

दुसरी सूचना बिबट्याची. ठिपके, शेपूट, चपळाई, सगळं जमून येतं. पण ज्या गावांत संध्याकाळी उसाच्या शेताकडे एकटं जाऊ नको असं आई बजावते, तिथे बिबट्याला हसरा करून विकणं मला पटत नाही. त्यातही मांजरकुळातला गॉगलवाला स्नॅक-मॅस्कॉट जगात आधीच प्रसिद्ध आहे, त्याच्याशी साम्य आलं तर वकिलाकडे खेपा घालाव्या लागतील. आणि माकड, अस्वल, ससा यांनी खाऊची बाजारपेठ भरून गेली आहे. वाईट काहीच नाही त्यांत, फक्त लांबून ते एकमेकांसारखे दिसतात.

आपण निवडू या चमच्या. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिथे दिसणाऱ्या पाणपक्ष्यांमधला हा एक. पांढराशुभ्र, काळे लांब पाय, काळी लांब चोच, आणि चोचीच्या टोकाला चपटा गोल चमचा. त्या टोकावर पिवळा रंग. विणीच्या दिवसांत डोक्यामागे तुरा येतो. उथळ पाण्यात चोच अर्धवट उघडी ठेवून तो डावीकडून उजवीकडे घुसळत चालतो आणि खाणं टिपतो. खाऊच्या पाकिटासाठी चमचा घेऊन जन्मलेला पक्षी मिळाला तर आणखी काय हवं! शिवाय तो इथलाच आहे, त्याचं दुसऱ्या जिल्ह्याला तितकं अप्रूप नसेल.

नाव ठेवू 'डुबूक'. तोंडी सहज बसतं, पाच वर्षांच्या मुलाला उच्चारता येतं. नाव ठरवताना एवढंच बघा की मूल दुकानदाराला ओरडून सांगू शकतं का. "काका, डुबूकवालं द्या!" हे वाक्य जमलं की पुढे जा.

काळी सावली

चेहरा काढण्याआधी डुबूकला नुसता काळा भरा. डोळा नाही, रंग नाही, फक्त आकार. तो 15 मिमी उंचीवर छापा, भिंतीला चिकटवा आणि दोन मीटरवरून बघा. कोण आहे हे कळलं नाही तर रंगांनी ते कळणार नाही. उन्हात आणि सावलीत रंग बदलतात, आकार तसाच राहतो.

खऱ्या चमच्याचं हुबेहूब चित्र या चाचणीत सपशेल आपटतं. पाय उंचीचा तिसरा भाग घेतात आणि 32 मिमीच्या चित्रात त्यांची जाडी अर्ध्या मिलिमीटरवर येते. लांबून पाय गायब होतात आणि एक पांढरं बोचकं हवेत लटकल्यासारखं दिसतं. चोच बाजूला आडवी काढली तर तिचा चमचाच पाकिटाच्या वळलेल्या कडेवर जातो. म्हणजे ज्याच्यासाठी पक्षी निवडला तेच दिसेनासं होतं.

दोन बदल करावे लागतात. पाय आखूड आणि जाड करायचे, दोन छोट्या खुंट्या आणि खाली पसरट पंजे. पक्षीनिरीक्षक नाक मुरडतील, मुरडू द्या. आणि चोच आडवी न ठेवता मान थोडी वळवून खाली तिरकी आणायची, पोटासमोर. आता चमचा चित्राच्या मध्याच्या जवळ आला, पांढऱ्या पोटावर काळा उठून दिसतो आणि रुंदीही वाचते. पण इथे एक गोची होते. काळ्या सावलीत पोट आणि चोच एकाच डागात मिसळतात. म्हणून चमच्याचं टोक पोटाच्या कडेबाहेर थोडं डोकावलं पाहिजे, आणि मागे तुऱ्याची तीन जाड पिसं वर उठली पाहिजेत. समोर चमचा, मागे तुरा, मधे गोळा. ही तीन ठिकाणं सावलीत ओळखू आली की आकार पक्का.

डोकं किती मोठं? अख्खी आकृती दोन डोक्यांइतकी ठेवा, म्हणजे डोकं आणि धड जवळजवळ सारखं. कॉनरॅड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनतज्ज्ञाने 1943 मध्ये मांडलं होतं की मोठं डोकं, मोठे आणि खालच्या बाजूला असलेले डोळे, गुबगुबीत गाल ही बाळाची लक्षणं माणसाला लळा लावतात. खाऊच्या पाकिटांवरचे प्राणी बाळसेदार असतात ते त्यामुळेच. डोळे डोक्याच्या मध्यरेषेच्या किंचित खाली आणा, फरक लगेच दिसेल.

चोच हसत नाही, मग हसू कुठे ठेवायचं

पक्ष्यांच्या मॅस्कॉटमध्ये हाच खरा कस लागतो. ओठ नसल्यामुळे नवीन मंडळी चोचीतच दात आणि जीभ काढतात. दात असलेला पक्षी लहान मुलांना विचित्र वाटतो, आणि तीन सेंटिमीटरवर ते दात पांढऱ्या कचऱ्यासारखे दिसतात.

डुबूकचं हसू तीन जागी वाटून टाका. पहिली जागा डोळ्याची खालची पापणी. ती किंचित वर उचलली की डोळा हसतो. वरची पापणी खाली आणली तर मात्र तो झोपाळू किंवा लबाड दिसेल. दुसरी जागा, चोच जिथे गालाला मिळते तो कोपरा. तिथे एक छोटी जाड वक्र रेघ वर वळवा. तिसरी तुरा. आनंदात तुरा ताठ, दमला की मागे पडलेला, आश्चर्य वाटलं की पिसं पंख्यासारखी फाकलेली. तुरा सावलीतही दिसतो, म्हणून 32 मिमीवर भाव कळवण्याचं निम्मं काम तोच करतो.

नजर कुठे, हेही ठरवा. पाकिटावर डुबूकने सरळ मुलाकडे बघावं. जाहिरातीत, जिथे शेजारी पफ आहे, तिथे त्याने पफकडे बघावं. माणसाचं लक्ष नजरेच्या दिशेने जातं. डुबूक पाकिटाबाहेर, शेजारच्या लडीकडे बघत असेल तर तुम्ही फुकटात शेजाऱ्याची जाहिरात केलीत.

कपडे, टोपी, चष्मा, दप्तर यांची गरज नाही. एक ठळक वस्तू पुरते. 1954 मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी गट्टू काढला तेव्हा हातात रंगाचा ब्रश दिला, आणि तो काय विकतो हे कुणाला सांगावं लागलं नाही. डुबूककडे चमचा जन्मजात आहे. त्या चमच्यात एक पफ ठेवा, कारखान्यात निघतो त्याच आकाराचा. पफ हवेत उडवून चोचीत झेलतो आहे ही पोझ मनात येईल, ती टाळा. पाच वर्षांचं मूल तसंच करून बघतं आणि घास घशात अडकू शकतो.

पोरांना दाखवा, पण "आवडलं का" विचारू नका

मोठ्या माणसाने विचारलं की मूल "हो" म्हणतं. त्यातून काहीच हाती लागत नाही. दुसरा मार्ग आहे. पालकांची परवानगी घेऊन मुलाच्या हातात डुबूक चिकटवलेलं पाकीट द्या, थोडा वेळ खेळू द्या, मग पाकीट काढून घ्या आणि कोरा कागद द्या. "त्या पाकिटावर कोण होतं, काढून दाखव."

आमच्या शेजारच्या सात वर्षांच्या मुलीने अशाच एका कच्च्या स्केचवरून जे काढलं ते मी अजून जपून ठेवलं आहे. एक गोल, त्याला कडीपत्त्याच्या देठासारखी लांब काडी, काडीच्या टोकाला पिवळा गोळा, आणि डोक्यावर तीन रेघा. पाय नव्हतेच. पंखांवर मी काढलेली राखाडी पिसंही नव्हती. तिने विसरलेल्या गोष्टी म्हणजे तुमच्या चित्रातून काढून टाकण्याची यादी. ती पिसं लगेच गेली.

मुलं जे सगळी मिळून आठवतात तो मॅस्कॉटचा कणा. ते अंतिम चित्रात आणखी ठळक करा. कुणी "हा बदक आहे" म्हणालं तर चमच्याचं टोक पुरेसं पसरट झालेलं नाही. कुणी त्याला रागीट म्हटलं तर बहुतेक वेळा भुवयांची रेघ आत झुकलेली असते.

छपाईचं गणित

लडीची पाकिटं बहुधा दोन फिल्म चिकटवून बनतात. बाहेरची पारदर्शक असते, तिच्या आतल्या बाजूने उलटं चित्र छापतात. आतली फिल्म चांदीसारखी चकचकीत, ओल आणि हवा अडवणारी. मोठ्या मागणीसाठी ग्रॅव्ह्युअर छपाई होते, तिथे प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरतात. रंग वाढला की सिलिंडर वाढला, आणि एकदा कोरल्यावर डुबूकची भुवई बदलायची म्हटलं तरी नवीन सिलिंडरचा खर्च. म्हणून मॅस्कॉट चार सपाट रंगांत बसवा: काळा, पांढरा, पिवळा आणि गालांसाठी एक फिकट गुलाबी.

पांढरा पक्षी इथे खास काळजी मागतो. फिल्म पारदर्शक आणि मागे चांदी, त्यामुळे पांढरा हा 'कोरी जागा' नसतो. पांढऱ्या शाईचा थर द्यावाच लागतो, आणि तो शेवटी, सगळ्या रंगांच्या मागे पडतो. तुमच्या फाइलमध्ये पांढरा वेगळा रंग म्हणून दाखवला नसेल तर डुबूक चांदीचा छापून येतो. घरच्या प्रिंटरवर ही चूक कधीच दिसत नाही, कारण कागद मुळातच पांढरा असतो.

दुसरा प्रश्न रंग सरकण्याचा. फिल्म वेगाने धावते, ताणली जाते, आणि रंग एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. 0.3 मिमी इकडेतिकडे होईल असं गृहीत धरा. आपल्या पाकिटाची पार्श्वभूमी पाण्यासारखी हिरवट-निळी आहे, त्यावर पांढरा पक्षी. रंग सरकला तर पक्ष्याच्या एका कडेला चांदीची बारीक चिरी दिसणार आणि दुसऱ्या कडेला निळा पोटात घुसणार.

यावर इलाज म्हणजे जाड काळी बाह्यरेषा. ती शोभेसाठी नाही. निळा रंग बाहेरून त्या रेषेच्या मध्यापर्यंत आत न्यायचा, पांढरा आतून मध्यापर्यंत आणायचा. मग दोन्ही 0.3 मिमी सरकले तरी जोड रेषेखालीच झाकला जातो. दोन्ही बाजूंना 0.3 म्हणजे रेषा किमान 0.6 मिमी हवी, मी 0.8 ठेवतो. आणि ही रेषा फक्त काळ्या शाईची ठेवा. चार रंग मिसळून केलेला 'गडद' काळा पडद्यावर छान दिसतो, पण छपाईत रेषेच्या कडेने लाल-निळ्या झालरी निघतात. डोळ्यातला पांढरा ठिपका, म्हणजे काळ्यातून कोरलेली जागा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर शाई पसरून बुजतो आणि डुबूकची नजर मेल्यासारखी होते.

मंजुरी पीडीएफ बघून देऊ नका. प्रिंटरकडून त्याच फिल्मवरचा नमुना मागा, पाकीट भरून, सील करून घ्या, आणि दुकानात खरोखर टांगून बघा. पाकीट फुगल्यावर डोळे कडेकडे सरकले तर डुबूक चकणा दिसतो. अशा वेळी अख्खी आकृती मध्यरेषेकडे चार-पाच मिलिमीटर ओढली की बहुधा काम होतं.

स्टिकर: पायांचं काय

इथे दोन वेगळ्या वस्तू आहेत. कागदी किंवा प्लास्टिकचा स्टिकर आकाराबरहुकूम कापायचा असतो. कापणारं पातं बारीक टोकांभोवती नीट फिरत नाही, आणि मुलाने सोलताना बारीक भाग फाटतो. म्हणून डुबूकभोवती 2 ते 3 मिमीची सलग पांढरी किनार द्या आणि तुऱ्याच्या पिसांमधल्या फटी त्या किनारीनेच भरून टाका. दोन पायांमधली जागाही भरा. स्टिकरचा बाहेरचा आकार बटाट्यासारखा गुळगुळीत झाला तरी बिघडत नाही, आतली काळी रेषा आकार सांभाळते. स्टिकर 25 मिमीचा असेल तर अख्खा पक्षी नकोच, छातीपर्यंतचा ठेवा. त्याहून लहान, 15 मिमीला, फक्त डोकं आणि चोच. म्हणजे एकाच डुबूकची तीन रूपं लागतात: पूर्ण, अर्धा, चेहरा. ही तिन्ही हाताने वेगवेगळी काढायची, नुसती छाटायची नाहीत. चेहऱ्याच्या रूपात चोच जरा आखूड आणि चमचा मोठा करावा लागतो.

स्टिकर पफच्या सोबत सुटा टाकू नका. तेल, मीठ आणि गोंद एकत्र येणं बरं नाही, आणि पफ समजून मूल तो तोंडात घालेल. दुकानदाराकडे वेगळी पट्टी ठेवा.

व्हॉट्सॲपच्या स्टिकरचं माप ठरलेलं आहे: 512 बाय 512 पिक्सेल, पारदर्शक पार्श्वभूमी, स्थिर असेल तर 100 केबीच्या आत, हलता असेल तर 500 केबीच्या आत. गडद पार्श्वभूमीवर काळी बाह्यरेषा हरवते, म्हणून पांढरी किनार इथेही हवी. आठ-दहा भाव पुरेत. आई-बाबा, आजी, मावशी वापरतील असे शब्द द्या: "जेवलीस का?", "आलोच", "शाळा सुटली". खाऊचं नाव प्रत्येक स्टिकरवर लिहिलं तर कुणी पाठवणार नाही.

जाहिरात आणि भिंत

जाहिरातीत डुबूक हलतो, वळतो, पळतो, म्हणून त्याचा समोरून, बाजूने, तीन-चतुर्थांश आणि मागून असा नकाशा लागतो. मागून चोच दिसत नाही, तेव्हा तुरा आणि मानेचा बाक यावर ओळख टिकली पाहिजे. त्याची चालही ठरवून ठेवा. खऱ्या चमच्याची डावी-उजवी घुसळण हीच डुबूकची चाल करा, त्याला दुसरं नाचगाणं शिकवायची गरज नाही.

आपल्या पट्ट्यात भिंतीवरची रंगवलेली जाहिरात अजून चालते. पेंटरला मोबाइलवर चित्र पाठवलं तर प्रत्येक गावात वेगळा डुबूक उगवतो. कुठे चोच वाकडी, कुठे बगळाच. त्याला दहा बाय दहा चौकटींवर काढलेलं चित्र कागदावर छापून द्या, म्हणजे तो भिंतीवर सुतळी मारून तेवढ्याच चौकटी आखेल. चमचा कुठल्या चौकटीत सुरू होतो आणि कुठे संपतो, हे लाल पेनने लिहा.

काय दाखवायचं नाही, हेही क्लायंटशी आधीच बोलून घ्या. पफ खाल्ल्यावर डुबूकचे दंड फुगले, तो उंच झाला, परीक्षेत पहिला आला, असं काहीही नको. शब्द लिहिले नाहीत तरी चित्र हाच दावा ठरतो. 2022 च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये मुलांना उद्देशून केलेल्या आरोग्य आणि पोषणाच्या दाव्यांना शास्त्रीय आधार मागितला आहे. शाळेच्या गेटपाशी स्टिकर वाटायची कल्पना मालकांना हमखास सुचते. शाळकरी मुलांच्या अन्नाबद्दलच्या 2020 च्या नियमांनुसार चरबी, साखर किंवा मीठ जास्त असलेल्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत करता येत नाही. आपला पफ नाचणीचा असला तरी त्यावरचा मसाला आणि तेल बघून पदार्थ कुठे बसतो हे कारखान्याच्या अन्नतज्ज्ञाकडून लेखी घ्या.

डुबूक कुणाचा?

ही बाब नवीन चित्रकार आणि नवीन कारखानदार, दोघेही तोंडी उरकतात. पैसे दिले म्हणजे चित्र आपलं, असं मालकांना वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही त्यांचे नोकर नसाल तर कॉपीराइट साधारणपणे चित्रकाराचाच राहतो, आणि तो लेखी कराराने द्यावा लागतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 सांगतं की करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे मुदतीचं वाक्य राहून गेलं तर सहाव्या वर्षी मालकांच्या पाकिटावर तुमचा डुबूक, आणि दोघांच्या डोक्याला ताप. मुदत, प्रदेश, कुठल्या माध्यमांत वापर, नवीन पोझ कोण काढणार आणि त्याचे पैसे किती, एवढं एका पानात मावतं.

ट्रेडमार्कची शोधाशोध मात्र स्केच पक्कं होण्याआधी करा. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर नावाने, उच्चाराने आणि चित्राच्या सांकेतिक क्रमांकाने शोधता येतं. पक्ष्यांचा क्रमांक 3.7 पासून सुरू होतो. धान्याचे पफ वर्ग 30 मध्ये येतात. ऑनलाइन अर्जाचं शुल्क व्यक्ती किंवा लघुउद्योगाला प्रत्येक वर्गासाठी 4,500 रुपये आहे. नाव आणि चित्र हे दोन स्वतंत्र अर्ज करणं मला बरं वाटतं, कारण पुढेमागे डुबूकचा चेहरा बदलला तरी नावाचा हक्क तसाच राहतो.

काम सोपवताना मालकांच्या हातात नुसता एक जेपीजी ठेवू नका. तिन्ही रूपांच्या व्हेक्टर फाइल, पांढरा वेगळा रंग म्हणून दाखवलेली छपाईची फाइल, एका रंगातली काळी आवृत्ती (खोक्यांवर आणि बिलबुकावर तीच लागते), पेंटरचा चौकटींचा कागद आणि एक पानभर नियम: चोच कापायची नाही, तुरा झाकायचा नाही, डुबूक आडवा ताणायचा नाही, 12 मिमीपेक्षा लहान छापायचा नाही. हे पान मराठीतच लिहा. ते वाचणार आहे सातपूरचा स्क्रीन प्रिंटर आणि निफाडचा पेंटर.